सांगाडा कायमचा, पानंफुलं ताजी

बंगळुरूहून बोलतोय. आयुष्याची एकतीस वर्षं फौजेत गेली आणि त्यातली बरीचशी भांडार सांभाळण्यात. म्हणजे गोळी झाडणाऱ्याच्या हाती गोळी वेळेवर पोहोचली की नाही, एवढंच माझं काम. निवृत्त होऊन इथे स्थायिक झालो. बायको मूळची इथलीच. तिच्या माहेरचं मराठी तुम्ही ऐकाल तर म्हणाल, हे कानडी आहे की मराठी? दोन्ही आहे. त्यामुळे आमच्या घरी गणपती बसतो पुण्याच्या पद्धतीने आणि नवरात्रात मांडल्या जातात बाहुल्या, म्हैसूर-बंगळुरूच्या पद्धतीने. त्याला इथे 'गोंबे हब्ब' म्हणतात, बाहुल्यांचा सण.

आज मी फक्त सजावटीवर बोलणार आहे. दरवर्षी नवी न आणता तीच सजावट कशी वापरायची, आणि तीच वापरूनही ती शिळी कशी दिसू द्यायची नाही. आमच्या घरच्या एका मांडणीचं पूर्ण मोजमाप सांगतो, म्हणजे तुम्हाला पेन्सिल-कागद घेऊन बसता येईल.

आधी एक प्रश्न. थर्माकोलचं मखर आपण दरवर्षी का फेकत होतो? ते खराब व्हायचं म्हणून? नाही. पाच-दहा दिवसांत त्याला फारसं काही होत नाही. आपण ते फेकत होतो कारण ते ठेवायला जागा नव्हती. थर्माकोल म्हणजे बहुतांश हवा. तीन फूट उंच मखर वर्षभर तीन फूटच जागा अडवतं. त्याची घडी होत नाही, दाबलं तर कोपरा तुटतो, आणि माळ्यावर ठेवलं तर पिवळं पडून उंदरांच्या उपयोगी पडतं. पुढे कायदाही आला. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली आणि 1 जुलै 2022 पासून सजावटीचं थर्माकोल देशभर बंद झालं. मग बाजारात पुठ्ठ्याची, कागदाची, फोमची मखरं आली. पण घरोघरी काय झालं? पुठ्ठ्याचं मखर 'पुढच्या वर्षी वापरू' म्हणून कपाटामागे उभं केलं, जून-जुलैच्या ओलीने ते वाकलं, कसर लागली, आणि ऑगस्टमध्ये नवीन आणलं. वस्तू बदलली, सवय तीच राहिली.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की पुन्हा वापरायची सजावट निवडताना ती मांडल्यावर कशी दिसेल हे नंतर बघा. आधी बघा, उरलेले दहा महिने ती कुठे आणि कशी राहील. जी वस्तू तुमच्या घरात नीट राहू शकत नाही, ती पुन्हा वापरली जाणार नाही, मग ती कितीही टिकाऊ असो.

आता जुन्या लोकांनी हे कसं सोडवलं होतं ते बघा. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडाची चौकट, छताला टांगलेली. ती चौकट वर्षानुवर्षं तीच. तिला दरवर्षी बांधतात ती रानातली आणि परसातली ताजी फळं, पानं, सुपारीचे घड, नारळ. घरच्या उभ्या गौरी आठवा. मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या तेच, खालचे स्टँड तेच, साडी बदलते आणि फुलं रोजची ताजी. घरी केलेला आकाशकंदील बघा. कामट्यांचा सांगाडा जपून ठेवायचा, कागद तेवढा दर दिवाळीला नवा चिकटवायचा.

तिन्ही ठिकाणी एकच तत्त्व आहे. सजावटीचे तीन थर आहेत. पहिला सांगाड्याचा, तो कायमचा. दुसरा कापडाचा, तो आलटून पालटून वापरायचा. तिसरा पानाफुलांचा, तो ताजा आणि दोन-चार दिवसांचा. डोळ्याला जो नवेपणा हवा असतो तो तिसरा थर देतो. आपली गडबड अशी झाली की आपण सांगाडाच दरवर्षी नवा आणायला लागलो आणि फुलं मात्र प्लास्टिकची, कायमची घेऊन ठेवली. म्हणजे नेमकं उलटं. जे ताजं हवं ते कायमचं, आणि जे कायमचं हवं ते फेकायचं.

आता आमची मांडणी. फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली. सामान बांधायचं ते काळ्या पत्र्याच्या ट्रंकांत. निवृत्तीनंतर प्रत्येक फौजी घरात या ट्रंका उरतात आणि बायकांच्या डोळ्यांत खुपतात. आमच्याकडे तीन सारख्या ट्रंका निवडून काढल्या. प्रत्येक 36 इंच लांब, 18 इंच रुंद, 12 इंच उंच. यांत सणाचं सामान राहतं. आणि सण आला की सामान बाहेर काढून याच ट्रंका मांडणीचा पाया होतात. म्हणजे भांडार हेच व्यासपीठ. ट्रंका रिकाम्या कुठे ठेवायच्या हा प्रश्नच उरत नाही. ही काही माझी अक्कल नाही. इथल्या जुन्या घरांत बाहुल्यांच्या पायऱ्या अशाच ट्रंका, पेट्या, टेबलं, स्टूल रचून त्यावर पांढरं कापड घालून करायचे. हल्ली स्टीलच्या जोडायच्या पायऱ्या विकत मिळतात, त्याही चांगल्या. पण त्या दहा दिवस कामाच्या आणि वर्षभर अडगळ. ट्रंक वर्षभर काम करते.

गणपतीसाठी दोन ट्रंका शेजारी शेजारी, लांब बाजू एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. 18 आणि 18, म्हणजे 36 इंच बाय 36 इंचांचा चौरस ओटा झाला, एक फूट उंच. ट्रंकेच्या झाकणाला उठाव असतो, त्यामुळे वर ठेवलेला चौरंग डुगडुगतो. म्हणून 36 बाय 18 चे प्लायवूडचे दोन तुकडे कापून घेतलेत, ते झाकणांवर बसतात.

या ओट्यावर मखर. मखर म्हणजे नुसती घनाकृती चौकट, खोक्याच्या बारा कडा असतात तशी. एक इंची चौकोनी अॅल्युमिनियमचा पाइप घेतला. तो बारा फुटी लांबीत मिळतो. बारा फूट म्हणजे 144 इंच. त्यातून 34 इंचांचे चार तुकडे निघतात, 136 इंच, आणि उरलेले आठ इंच करवतीच्या कापात आणि शेवटच्या तुकड्यात जातात. तीन पाइप आणले की बारा तुकडे झाले. कोपऱ्यांना प्लास्टिकचे तीनतोंडी जोड मिळतात, ते पाइपच्या आत ठोकून बसवायचे. असे आठ जोड. प्रत्येक जोडाची जाडी एक इंच, म्हणजे 34 अधिक दोन बाजूंचे दोन, बरोबर 36 इंच. चौकट ओट्यावर काठोकाठ बसते.

यात सर्वांत उपयोगाची गोष्ट ही की बाराही तुकडे एकाच मापाचे आहेत. कुठलाही तुकडा कुठेही लागतो. नंबर टाकायला नको, नकाशा नको, 'हा डावा की उजवा' हे भांडण नको. भांडारात शिकलेली पहिली गोष्ट हीच, की जितके प्रकार कमी तितकी हरवाहरव कमी. तुमच्या घरी जागा कमी असेल तर 34 ऐवजी 22 इंचांचे तुकडे करा, पण बाराही सारखेच ठेवा.

आता यातला दोष. जोड आत ठोकलेले असले तरी चौकट बाजूने ढकलली की चौरसाचा तिरपा होऊ बघते. दरवर्षी जोडून-काढून जोडांची पकड थोडी सैल होत जाते, तसं हे वाढतं. ओळखायचं कसं? वरचा एक कोपरा एका बोटाने ढकला. चौकट अर्ध्या इंचाहून जास्त हलून परत आली, तर तिला ताण हवा. उपाय फुकटाचा आहे. मागच्या बाजूला, कापडाच्या आड, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या दोऱ्या फुलीसारख्या घट्ट बांधायच्या. फौजेत तंबूला ताण देतात तोच प्रकार. त्यानंतर चौकट हलत नाही. तरीही हलली तर तो जोड बदलायचा. मूळ खरेदीच्या वेळीच दोन जोड जास्तीचे घेऊन ठेवावेत, कारण चार वर्षांनी त्याच मापाचे मिळतील याची खात्री नसते.

दुसरी मर्यादा वजनाची. माटोळी बघून हौस येते, पण माटोळीची चौकट लाकडाची असते आणि ती वरून छताला टांगलेली असते. आमची चौकट खालून उभी आहे. तिला नारळ टांगायचे नाहीत. लिंबं, सुपाऱ्या, कवठ एखादं, हिरव्या मिरच्यांचा झुबका, भाताच्या ओंब्या, एवढंच. आणि ते चारही बाजूंना सारखं वाटून. सगळं वजन पुढच्या आडव्या पाइपवर आलं तर तो मधून वाकतो, आणि अॅल्युमिनियम एकदा वाकलं की सरळ होत नाही.

आता दुसरा थर, कापड. मागे आणि दोन बाजूंना साडी. आमच्याकडे तीन साड्या या कामाच्या आहेत. एक इरकल, एक जुनी नऊवारी आणि एक साधी केशरी सुती. दरवर्षी एक मागे, बाकीच्या दोन विश्रांतीला. त्यामुळे एकच पार्श्वभूमी तीन वर्षांनी परत येते, आणि मधल्या काळात कुणाच्या ते लक्षात राहत नाही. पुढच्या बाजूला खणाचं तोरण. आपण ज्याला खण म्हणतो त्याचं गुळेदगुड्ड हे गाव बागलकोट जिल्ह्यातलं, इरकल साडीचं इलकलही त्याच जिल्ह्यातलं. म्हणजे मराठी बायकांच्या जिवाभावाची ही दोन्ही कापडं कर्नाटकातून येतात. आमच्या घरी त्यावरून कुणाचा मुद्दा मोठा हे ठरतं, ते सोडा.

कापडाचा एकच नियम, टाचणी लावायची नाही. पावसाळी हवेत टाचणी दहा दिवसांत गंजते आणि तिचा तपकिरी ठिपका साडीवर कायमचा राहतो. सेफ्टी पिनेचंही तेच. त्याऐवजी सुती नाड्या. तोरणाला आणि सुती साडीला दर नऊ इंचांवर एक नाडी शिवून टाकली आहे. चांगल्या साडीला शिवायची नसेल तर साडी पाइपवरून दुहेरी टाकून बाहेरून नाडी बांधायची. सोडताना गाठ सुटावी म्हणून बुटाच्या लेससारखी सरकगाठ.

हळद-कुंकू, तेल आणि काजळी हे कापडाचे तीन शत्रू. म्हणून चौरंगावर भरजरी काही नाही, तिथे धुता येणारं सुती कापड. आणि समई चौकटीच्या आत कधीच नाही. ती पुढे आणि बाजूला, कापडापासून हातभर लांब. खिडकीचा वारा आला की मागची साडी शिडासारखी पुढे फुगते, हे मांडताना लक्षात येत नाही. पंखा लावून एकदा बघा म्हणजे कळेल.

तिसऱ्या थराबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? केळीचे दोन खुंट चौकटीच्या पुढच्या खांबांना बांधले की अॅल्युमिनियम दिसतच नाही. आंब्याची पानं, झेंडू, शेवंती. बंगळुरूत शेवंतीला तोटा नाही, के. आर. मार्केटमध्ये पहाटे गेलं तर ढीग असतात. फक्त मोजून आणा. 36 इंचांच्या चौकटीच्या पुढच्या तीन कडांना मिळून नऊ फूट माळ लागते, किंचित झोळ धरून दहा फूट. चौदा फूट आणली की उरलेली कुठेतरी टोचली जाते आणि मांडणी बिघडते.

गणपती गेले की सोळा-सतरा दिवसांत नवरात्र. 2025 चं बघा. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, 22 सप्टेंबरला घटस्थापना, 2 ऑक्टोबरला दसरा, 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. आठ आठवड्यांत तीन सण. तीन सणांसाठी तीन वेगळ्या सजावटी आणायच्या म्हणजे घराचं गोदाम होणार. म्हणून एकाच सामानातून दुसरी मांडणी निघायला हवी.

तर आता बाहुल्यांच्या पायऱ्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायऱ्या विषम असतात, तीन, पाच, सात, नऊ. सगळ्यांत वर राजा-राणीची लाकडी जोडी, तिला 'पट्टद गोंबे' म्हणतात. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून देण्याची रीत आहे. पुष्कळदा ती रक्तचंदनाची असते. खालच्या पायऱ्यांवर देव, दसऱ्याची मिरवणूक, बाजार, लग्न, शेत, काय हवं ते. तमिळ घरांत यालाच कोलू म्हणतात. आणि या सणाची मला आवडलेली गोष्ट अशी की इथे जुनं वापरणं हा काटकसरीचा भाग नाही, तोच सण आहे. आजीची बाहुली पायरीवर नसेल तर लोक विचारतात, 'ती कुठे गेली?' आणि अनेक घरांत दरवर्षी एखादी नवी बाहुली त्यात घालतात. म्हणजे नव्याची हौसही भागते, पण तिला मर्यादा आहे.

आपल्या तीन ट्रंका आणि तीन लाकडी खोकी, यातून पाच पायऱ्या होतात. खोकी प्रत्येकी 36 इंच लांब, 9 इंच रुंद, 6 इंच उंच. वर्षभर यांतल्या दोघांत पाइप आणि जोड राहतात, तिसऱ्यात दिव्यांच्या माळा. भिंतीला लागून दोन ट्रंका एकीवर एक, 24 इंच. त्यांच्या पुढे तिसरी ट्रंक, 12 इंच. तिच्याही पुढे जमिनीवर एक खोकं, 6 इंच. आता पुढच्या ट्रंकेच्या मागच्या अर्ध्या भागावर दुसरं खोकं ठेवा, ती पायरी झाली 18 ची. मागच्या रचलेल्या ट्रंकांच्या मागच्या अर्ध्यावर तिसरं खोकं, ती 30 ची. मोजा आता. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस. प्रत्येक पायरी सहा इंच चढ, नऊ इंच रुंद. पूर्ण मांडणी भिंतीपासून 45 इंच पुढे येते, पावणेचार फूट. साध्या दिवाणखान्यात बसते.

वर एकच पांढरं कापड. पाच चढ सहा-सहाचे म्हणजे 30, पाच रुंद्या नऊ-नऊच्या म्हणजे 45, मिळून 75 इंच. सव्वादोन मीटर कापड घेतलं की थोडं हाताशी राहतं. पन्हा 50 इंचांचा असेल तर दोन्ही बाजूंना सात-सात इंच उतरतं आणि ट्रंकेचा काळा रंग बराच झाकला जातो.

एक सावधगिरी. बाहुल्या बाहेर आल्या की ट्रंका रिकाम्या होतात, आणि रिकामी ट्रंक हलकी असते. नातवंड पुढच्या पायरीवर हात टेकून उठलं की सगळं सरकतं. म्हणून बाहुल्या बांधायची जुनी धोतरं, चादरी, जास्तीच्या उश्या सगळं सर्वांत खालच्या दोन ट्रंकांत भरायचं, वर दहा किलो तांदळाची पिशवी ठेवली तरी चालेल. आणि मागची जोडी भिंतीला टेकलीच पाहिजे, बोटभरही फट नको.

आता खरं काम, जे कुणी दाखवत नाही. बांधून ठेवणं. पुन्हा वापरायची सजावट मांडताना मोडत नाही, ठेवताना मोडते.

बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबर हे पावसाचे भरीचे महिने. दिवाळीतही सर येते, नोव्हेंबरातही येते. दिवाळी संपली की दुसऱ्या दिवशी सगळं ट्रंकेत कोंबायचा मोह होतो, कारण घर मोकळं हवं असतं. तेव्हा कापडात, लाकडात, मातीच्या बाहुल्यांत ओल असते. पत्र्याच्या बंद पेटीत ती ओल बाहेर जात नाही. मे महिन्यात झाकण उघडलं की कुबट वास येतो, कापडाच्या घडीवर राखाडी ठिपके असतात आणि पत्र्याला आतून गंज. म्हणून आमच्याकडे दोन टप्पे आहेत. दिवाळीनंतर सामान ट्रंकेत जातं, पण झाकण उघडं, वर फक्त चादर. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत, सलग चार-पाच कोरडे दिवस मिळाले की सगळं एक दिवस वाऱ्यावर, मग शेवटची बांधणी आणि झाकण बंद. आणि मे महिन्यात, पापड-कुरडयांच्या वेळी, एकदा उघडून बघायचं. जूनमध्ये उघडण्यात अर्थ नाही, तोपर्यंत बाहेरची हवाच दमट झालेली असते.

मातीची बाहुली ओल्या फडक्याने पुसायची नाही, रंग उठतो. मऊ कुंचल्याने धूळ झटकायची. चन्नपट्टणची लाखेची खेळणी कोरड्या सुती कापडाने पुसली की चमकतात, त्यांना पाणी किंवा रॉकेल लावायचं नाही. वर्तमानपत्रात काही गुंडाळायचं नाही. शाई फिक्या रंगावर उतरते, कागद ओल धरतो आणि कसर कागदावरच जगते. जुनं मऊ धोतर फाडून त्याचे तुकडे करा. आधी बाहुलीचे हात, नाक, छत्री, जे बाहेर आलेलं आहे ते वेगळं गुंडाळा, मग पूर्ण बाहुली. जड खाली, हलकं वर. कपड्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवतो. डांबराची गोळी ठेवायचीच असेल तर जरीला लागू देऊ नका. जरीच्या साडीची घडी मे महिन्यात मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर घडीवर साडी विरते.

दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळायच्या आणि गुंडाळण्यापूर्वी लावून बघायच्या. बहुतेक लोक माळ सणाच्या आदल्या दिवशी तपासतात आणि बंद निघाली की नवी आणतात. जानेवारीत तपासली तर दुरुस्तीला सात महिने असतात. सेलवर चालणारे दिवे असतील तर सेल काढून ठेवा. आत राहिलेला सेल फुटून त्याची पांढरी पूड पत्रीवर बसते आणि दिवा कायमचा जातो.

शेवटचं कलम यादीचं. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवली आहे, वस्तू आणि संख्या. 'पाइप 12, जोड 8 अधिक 2, प्लाय 2, तोरण 1.' शेजारी मांडणीचे दोन फोटो, एक समोरून आणि एक मागून. मागून काढलेला फोटो महत्त्वाचा, कारण दोऱ्या, गाठी आणि टेकू मागेच असतात. भरलेली ट्रंक वीस किलोच्या वर जाऊ द्यायची नाही, घरातल्या वजनकाट्यावर मोजून बघतो. दोघांनी दोन कड्या धरल्या की दहा-दहा किलो वाट्याला येतात.

हे वीस किलो आणि हे फोटो का, ते सांगतो आणि थांबतो. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, नेमकी नवरात्राच्या आधी. मुलगी आली होती. आम्ही दोघं दवाखान्यात. तिने विचारलं, 'बाबा, या वर्षी बाहुल्या राहू देत का? मला मांडता येणार नाहीत.' मी म्हटलं, 'पहिल्या ट्रंकेचं झाकण उघड आणि वाच.' दोन तासांत पाच पायऱ्या उभ्या होत्या. वर राजा-राणी होते, बायकोच्या आजीकडून आलेले. एका बाजूला कापड थोडं तिरकं होतं, ते तसंच राहिलं.

आमच्या वयाच्या घरांत सण बंद पडतात ते पैशाअभावी नाही, श्रद्धेअभावीही नाही. मांडणी एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि त्या माणसाचा गुडघा किंवा पाठ जाते, म्हणून बंद पडतात. सामान टिकाऊ आहे की नाही याची कसोटी ती दहा वर्षं टिकली ही नाही. तुम्ही घरात नसताना दुसऱ्या कुणाला ती मांडता आली, ही आहे.

तर या जानेवारीत एक कोरडा दिवस बघा, आहे ते सामान पसरा, मोजा आणि यादी लिहा. खरेदी त्यानंतर ठरवा.

जय हिंद.